भाषणातली तूट आणि कागदांतली तूट

१ फेब्रुवारी २०२५ रोजी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी लोकसभेत २०२५-२६ या वर्षाचा अर्थसंकल्प मांडला. बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर आयकर लागणार नाही, ही त्या दिवशीची मोठी बातमी ठरली. पण ती घोषणा भाषणाच्या दुसऱ्या भागात आली. त्याआधी, पहिला भाग संपता संपता, मोजक्या वाक्यांत सरकारच्या सगळ्या वर्षाचा हिशेब सांगून झाला होता. कर्ज सोडून सरकारकडे येणारे पैसे ३४.९६ लाख कोटी रुपये, होणारा खर्च ५०.६५ लाख कोटी रुपये आणि राजकोषीय तूट देशाच्या सकल उत्पादनाच्या, म्हणजे जीडीपीच्या, ४.४ टक्के. हीच तूट काही वर्तमानपत्रं ‘वित्तीय तूट’ या नावानं छापतात. संध्याकाळच्या सगळ्या चर्चांमध्ये हा ४.४ चा आकडा होता. आधीच्या वर्षीच्या ४.९ टक्क्यांच्या अंदाजापेक्षा तो कमी होता, त्यामुळे सरकारनं शिस्त पाळली असा निष्कर्षही लगेच निघाला.

त्या वाक्यांमध्ये एक आकडा मात्र नव्हता, तो महसुली तुटीचा. तो लपवलेला नव्हता. भाषणाबरोबर संसदेत जे गठ्ठाभर कागद ठेवले जातात, त्यांत अर्थसंकल्पाचं थोडक्यात दर्शन घडवणारी एक छोटी पुस्तिका असते. तिच्या पहिल्याच तक्त्यात तो आहे : ५.२४ लाख कोटी रुपये, जीडीपीच्या दीड टक्का. माझं म्हणणं असं, की सरकारनं किती कर्ज काढलं हे पहिल्या आकड्यावरून कळतं, पण ते कशासाठी काढलं हे समजायला दुसरा आकडा लागतो. पहिला एकटा ऐकून कोणत्याही अर्थसंकल्पाबद्दल मत बनवणं घाईचं आहे.

दोन्ही आकडे येतात कुठून, ते याच अर्थसंकल्पावरून पाहू.

सरकारच्या हिशेबाचे दोन भाग असतात, महसुली आणि भांडवली. ही विभागणी कुणा अर्थमंत्र्याच्या मर्जीची नाही. संविधानाच्या ११२ व्या अनुच्छेदातच सांगितलं आहे, की वार्षिक वित्तीय विवरणपत्रात महसुली खर्च इतर खर्चापासून वेगळा दाखवावा. विभागणीची कसोटी साधी आहे. ज्या खर्चातून केंद्र सरकारच्या मालकीची टिकाऊ मत्ता उभी राहते, किंवा कुणाला दिलेलं कर्ज म्हणून सरकारचं येणं वाढतं, तो भांडवली खर्च. महामार्ग, रेल्वेमार्ग, लढाऊ विमानं, राज्यांना दिलेली कर्जं हे सगळं त्यात येतं. जो खर्च त्या वर्षी होऊन संपतो, तो महसुली : पगार, निवृत्तिवेतन, व्याज, अनुदानं. जमेच्या बाजूलाही हाच न्याय लागतो. कर, सार्वजनिक कंपन्यांचा लाभांश, रिझर्व्ह बँकेकडून येणारा वाढावा हे महसुली उत्पन्न, कारण ते परत करायचं नसतं आणि त्यासाठी काही विकावंही लागत नाही. सरकारी कंपनीचे शेअर विकून आलेला पैसा किंवा जुन्या कर्जाची वसुली ही भांडवली जमा, कारण तेवढी मत्ता किंवा तेवढं येणं कमी झालेलं असतं.

आता २०२५-२६ चे आकडे या दोन खात्यांत मांडू. राज्यांचा वाटा दिल्यानंतर केंद्राकडे करांचे २८.३७ लाख कोटी उरतील, असा अंदाज होता. करांखेरीजचं महसुली उत्पन्न ५.८३ लाख कोटी. दोन्ही मिळून महसुली जमा ३४.२० लाख कोटी. याच खात्यातला खर्च मात्र ३९.४४ लाख कोटी. म्हणजे वर्षाचा चालू खर्च वर्षाच्या चालू उत्पन्नात भागत नाही, ५.२४ लाख कोटी कमी पडतात. ही महसुली तूट.

दुसऱ्या खात्यात भांडवली खर्च ११.२१ लाख कोटी आहे. त्यासाठी कर्जाव्यतिरिक्त भांडवली जमा किती? फक्त ७६ हजार कोटी : त्यातले २९ हजार कोटी जुन्या कर्जांच्या वसुलीतून आणि ४७ हजार कोटी मुख्यतः हिस्साविक्रीसारख्या मार्गांनी. इथे १०.४५ लाख कोटी कमी पडतात. पहिल्या खात्यातले ५.२४ आणि दुसऱ्यातले १०.४५ एकत्र केले की १५.६९ लाख कोटी होतात. हीच राजकोषीय तूट. सुमारे ३५७ लाख कोटींच्या अंदाजित जीडीपीशी तिचं प्रमाण काढलं की भाषणातले ४.४ टक्के मिळतात.

एवढ्या बेरजेतून एक सर्रास होणारा गैरसमज दूर व्हावा. राजकोषीय तूट आणि महसुली तूट ही दोन वेगवेगळी भगदाडं नाहीत. ४.४ टक्के आणि दीड टक्का मिळून सरकारची तूट ५.९ टक्के झाली, असं कुणी म्हणालं तर ते चूक आहे. दीड टक्का हा ४.४ च्या पोटातच आहे. त्या वर्षी सरकार जे प्रत्येक शंभर रुपयांचं नवं कर्ज काढणार होतं, त्यातले साधारण तेहतीस रुपये चालू खर्चाला जाणार होते आणि सदुसष्ट भांडवली कामांना.

कर्ज येतं कुठून, हेही त्या भाषणात सांगितलं होतं. रोखे विकून बाजारातून निव्वळ ११.५४ लाख कोटी उभारायचे आणि उरलेले अल्पबचत आणि इतर मार्गांनी. पोस्टातली बचत, पीपीएफ, सुकन्या समृद्धी यांत आपण ठेवलेला पैसा सरकारच्या तुटीला हातभार लावतो तो या वाटेनं. त्याच भाषणात बाजारातली ढोबळ उचल १४.८२ लाख कोटी, असा आणखी एक आकडा होता आणि अनेकांचा घोटाळा तिथे होतो. दोहोंतला ३.२८ लाख कोटींचा फरक जुनी मुदत संपलेली कर्जं फेडण्यासाठी लागतो. जुनं देणं फेडायला तेवढंच नवं घेतलं तर एकूण कर्ज वाढत नाही, म्हणून मुद्दलाची परतफेड तुटीच्या हिशेबात खर्च म्हणून धरत नाहीत. व्याज मात्र धरतात आणि तेही महसुली खर्चात. ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरते.

कर्जाला जमा मानायचं नाही, हा नियम आज उघड वाटतो, पण आपल्याकडे तुटीची चर्चा कायम या पायावर होत नसे. पूर्वी ‘अर्थसंकल्पी तूट’ नावाचा वेगळा आकडा प्रचलित होता. त्यात बाजारातून उचललेलं कर्ज सरळ जमेत धरलं जाई आणि त्यानंतरही जे कमी पडे, तेवढ्यालाच तूट म्हणत. ती भरून काढायला सरकार रिझर्व्ह बँकेला हंगामी कोषागार हुंड्या देई, म्हणजे प्रत्यक्षात नवा पैसा निर्माण होई. कर्ज कितीही वाढलं तरी या आकड्यात ते पुरतं दिसत नसे. २४ जुलै १९९१ च्या प्रसिद्ध भाषणात मनमोहन सिंग यांनी देशाला राजकोषीय तुटीचा आकडा सांगितला : १९९०-९१ मध्ये जीडीपीच्या आठ टक्क्यांहून अधिक. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर ती चार टक्के आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला सहा टक्के होती, हेही त्यांनी सांगितलं. परकीय चलनाचं संकट आणि घरातली उधारी यांचा संबंध त्या आकड्यांनी उघड केला. हंगामी हुंड्यांची पद्धत १९९७ मध्ये बंद झाली आणि जुन्या अर्थसंकल्पी तुटीला काही अर्थ उरला नाही.

राजकोषीय तूट हे अशा रीतीनं अधिक प्रामाणिक माप म्हणून पुढे आलं. पण एका आकड्यात किती मावतं, यालाही मर्यादा आहे. २०२०-२१ हे करोनाचं वर्ष घ्या. कर आटले, धान्य आणि रोजगारावरचा खर्च वाढला आणि राजकोषीय तूट १८.१८ लाख कोटींवर, जीडीपीच्या ९.२ टक्क्यांवर गेली. त्यातली महसुली तूट १४.५० लाख कोटी होती. शंभर रुपयांच्या कर्जातले ऐंशी रुपये चालू खर्चाला गेले. लोकांच्या ताटात धान्य पोचवायला त्या वर्षी कर्ज काढलं यात मला काही वावगं दिसत नाही. पण त्यानंतरच्या वर्षांत तूट उतरली, ती दोन अंगांनी. तिचा आकार घटला आणि तिच्या आतला चालू खर्चाचा वाटाही ऐंशीवरून तेहतिसापर्यंत आला. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा मोठी होती आणि भाषणातला टक्का तिच्याबद्दल काहीच सांगत नाही.

आता त्या व्याजाकडे येऊ. २०२५-२६ मध्ये केंद्राला १२.७६ लाख कोटी रुपये नुसतं व्याज द्यायचं होतं. ३४.२० लाख कोटींच्या महसुली जमेशी तुलना केली तर शंभरातले सदतीस रुपये. महसुली तुटीच्या जवळजवळ अडीचपट ही रक्कम आहे. म्हणजे जुन्या कर्जाचं व्याज नसतं, तर याच करांत आणि याच खर्चात महसुली खातं साडेसात लाख कोटींनी शिलकीत असतं. दोन तुटींचं नातं इथे उलगडतं. एका वर्षीची राजकोषीय तूट कर्जात जमा होते. त्या कर्जाचं व्याज पुढच्या वर्षांच्या महसुली खर्चात बसतं. त्यानं महसुली तूट वाढते आणि ती भागवायला पुन्हा कर्ज. कर्जातून उभ्या राहिलेल्या रस्त्यानं उद्योग वाढवले, करांचं उत्पन्न वाढवलं, तर हे चक्र सैल होतं. कर्ज निवृत्तिवेतनात किंवा मागच्याच व्याजात गेलं असेल, तर व्याजाची तरतूद करणारं काहीच मागे उरत नाही. महसुली तुटीचा धोका तिच्या रकमेत जेवढा आहे, त्याहून अधिक या पाठशिवणीत आहे.

मग सरकार एखादा आकडा चांगला दिसावा म्हणून काय करू शकतं? एक मार्ग पूर्ण कायदेशीर आहे आणि सगळ्या पक्षांच्या सरकारांनी वापरला आहे : शेअर विकणं. समजा एखाद्या वर्षी सरकारनं ५० हजार कोटींचे शेअर जास्त विकले. ती भांडवली जमा असल्यानं राजकोषीय तूट तेवढ्यानं घटेल. महसुली तूट मात्र जागची हलणार नाही. पगार आणि व्याज द्यायला चालू उत्पन्न पुरत नव्हतं, ते अजूनही पुरत नाही, फक्त कर्जाऐवजी मालमत्ता विकून भागवलं एवढंच. त्यामुळे राजकोषीय तूट उतरलेली आणि महसुली तूट तिथेच असलेली दिसली, तर पहिल्यांदा हिस्साविक्रीची ओळ पाहावी. रिझर्व्ह बँकेच्या वाढाव्याचं वेगळं आहे. मे २०२५ मध्ये बँकेनं केंद्राला २.६९ लाख कोटी दिले. हे महसुली उत्पन्न असल्यानं दोन्ही तुटी एकदम हलक्या होतात. पण करवसुली सुधारल्यानं झालेली घट आणि अशा रकमेमुळे झालेली घट एकसारखी मानता येत नाही, कारण हा वाढावा दर वर्षी तेवढाच मिळेल असं नाही.

दुसरा मार्ग खात्याच्या निवडीचा. एअर इंडियाची विक्री होताना तिच्यावरची, सरकारनं हमी दिलेली जुनी देणी भागवणं भाग होतं. २०२१-२२ च्या सुधारित अंदाजात त्यासाठीचे सुमारे ५२ हजार कोटी रुपये भांडवली खर्चात धरले गेले. कंपनीत भांडवल घातलं म्हणून लेखापद्धतीत ते बसतं. पण त्या पैशातून एकही नवं विमान आलं नाही, वर्षानुवर्षांच्या तोट्यातून साचलेलं देणं फिटलं. राजकोषीय तुटीनं हा खर्च पकडला, महसुली तुटीच्या हाती तो लागला नाही. म्हणून महसुली तूट हे माप राजकोषीय तुटीच्या जागी ठेवण्यासारखं नाही. तिलाही तिच्या फटी आहेत.

तिसरा मार्ग सर्वांत वाईट, कारण त्यात दोन्ही आकडे फसतात. रेशनवरच्या धान्यासाठी भारतीय अन्न महामंडळाला जे अनुदान द्यायचं, ते पूर्ण न देता अनेक वर्षं महामंडळाला राष्ट्रीय अल्पबचत निधीतून कर्ज दिलं गेलं. धान्य वाटलं गेलं, पैसा खर्च झाला, पण कर्ज महामंडळाच्या नावावर राहिलं. केंद्राच्या हिशेबात ना महसुली खर्च दिसला, ना तूट. महालेखापरीक्षकांनी अशा अर्थसंकल्पाबाहेरच्या उधारीवर बोट ठेवलं होतं. शेवटी १ फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पात ही पद्धत थांबवून थकबाकी उघडपणे हिशेबात घेतली गेली. तेव्हा २०२०-२१ च्या अन्न अनुदानाचा मूळ १.१५ लाख कोटींचा अंदाज सुधारून ४.२२ लाख कोटी झाला. त्यातलं काही करोनातल्या मोफत धान्याचं होतं, पण बराच भाग आधीच्या वर्षांतल्या न दाखवलेल्या खर्चाचा होता. हे पाऊल मला त्या अर्थसंकल्पातलं सगळ्यांत सचोटीचं वाटतं. त्यानं तूट फुगलेली दिसली, तरी हिशेब खरा झाला.

महसुली तुटीवर एक जुना आक्षेप आहे आणि तो खोटा नाही. केंद्र राज्यांना ग्रामीण रस्त्यांसाठी, घरकुलांसाठी, नळयोजनांसाठी अनुदान देतं. मत्ता उभी राहते, पण ती केंद्राच्या मालकीची नसते, म्हणून कागदावर हा महसुली खर्च होतो. यावर तोडगा म्हणून २०११-१२ च्या अर्थसंकल्पात प्रणब मुखर्जी यांनी ‘प्रभावी महसुली तूट’ ही कल्पना आणली : महसुली तुटीतून अशी अनुदानं वजा करायची. २०२५-२६ मध्ये ती ४.२७ लाख कोटी होती. ती वजा केली की ५.२४ लाख कोटींची तूट जेमतेम ९७ हजार कोटी, जीडीपीच्या ०.३ टक्के उरते. आकडा फार सुखद आहे, पण मी त्यावर पूर्ण विसंबणार नाही. अनुदान मत्तेसाठी दिलं म्हणजे मत्ता उभी राहिलीच, असं तो आकडा सिद्ध करत नाही. उलट बाजूनं, शिक्षकाचा आणि परिचारिकेचा पगार या सगळ्या मापांत निव्वळ चालू खर्चच ठरतो. शाळेची इमारत भांडवली आणि तिच्यात शिकवणारी माणसं महसुली, या विभागणीमुळे महसुली तूट कमी करायला निघालेलं सरकार आधी भरती थांबवतं. तूट घटल्याचा आनंद मानताना ती कुठल्या ओळीतून घटली, हे विचारायलाच हवं.

२००३ च्या वित्तीय उत्तरदायित्व कायद्यानं दोन्ही तुटींना लगाम घातला होता. राजकोषीय तूट तीन टक्क्यांवर आणायची आणि महसुली तूट पूर्ण संपवायची. २००७-०८ मध्ये राजकोषीय तूट तीन टक्क्यांच्या आत आली, महसुली तूट एक टक्क्याच्या आसपास उतरली, पण शून्य झाली नाही. पुढच्याच वर्षी जागतिक मंदी, कर्जमाफी आणि वेतन आयोग यांनी दोन्ही उसळल्या. २०१८ मध्ये कायदा बदलला आणि महसुली तुटीचं उद्दिष्टच त्यातून गेलं. राजकोषीय तूट आणि एकूण कर्ज यांवर भर राहिला. भाषणात महसुली तूट ऐकू येत नाही याला ही पार्श्वभूमी आहे. ते उद्दिष्ट काढून टाकण्याऐवजी त्याची व्याख्या सुधारायला हवी होती, असं मला वाटतं. जे मोजण्याचं बंधन नाही, ते बोलण्याचंही उरत नाही.

महाराष्ट्रात चित्र थोडं निराळं आहे. इथे अर्थसंकल्पाच्या बातमीत महसुली तुटीचा आकडा ठळक असतो. १० मार्च २०२५ रोजी अर्थमंत्री अजित पवार यांनी ७ लाख २० कोटींचा अर्थसंकल्प मांडला. महसुली जमा ५,६०,९६४ कोटी, महसुली खर्च ६,०६,८५५ कोटी, महसुली तूट ४५,८९१ कोटी आणि राजकोषीय तूट १,३६,२३५ कोटी. राज्याच्या सकल उत्पादनाच्या तीन टक्क्यांच्या आत राजकोषीय तूट राखली, हे सरकारनं सांगितलं आणि ते बरोबर होतं. पण तिच्यातला एक तृतीयांश भाग चालू खर्चाचा होता. त्या वर्षी लाडकी बहीण योजनेसाठी ३६ हजार कोटींची तरतूद होती, म्हणजे महसुली तुटीच्या जवळपास चार पंचमांश. योजना हवी की नको, हा राजकीय निर्णय आहे आणि गरीब घरातल्या बाईच्या हातात पडणाऱ्या दीड हजारांचं मोल मी कमी लेखत नाही. पण एवढी मोठी, दर महिन्याची, थांबवायला अवघड असलेली रक्कम करांतून भागते की कर्जातून, याचं उत्तर तीन टक्क्यांच्या मर्यादेत सापडत नाही, ते महसुली तुटीत सापडतं.

शिवाय मार्चमधला आकडा हा अंदाज असतो. २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात सरकारनं ५७ हजार ५०० कोटींहून अधिक रकमेच्या पुरवणी मागण्या मांडल्या. अशा मागण्यांत काही रकमा नुसत्या ताळमेळाच्या असतात, काहींना केंद्राचा पैसा असतो, काही खऱ्याखुऱ्या जादा खर्चाच्या. त्यांतल्या महसुली किती आणि भांडवली किती, हे मागणीच्या पुस्तकात दिलेलं असतं, बातमीत क्वचित येतं. वर्षअखेरीला सुधारित अंदाज येतो आणि त्याच्याही पुढच्या वर्षी प्रत्यक्ष आकडे. एकाच वर्षाचे हे तीन आकडे लागोपाठच्या अर्थसंकल्पांच्या तक्त्यांत सापडतात. केंद्राच्या पुस्तिकेत असो वा राज्याच्या, एका वर्षाच्या महसुली तुटीचे हे तिन्ही आकडे शेजारी ठेवून वाचले, की अर्थसंकल्पाच्या दिवशी दिलेला शब्द किती पाळला गेला ते दिसतं.